बैठकीचा सारांश : अजेंड्यावरचे राहून गेलेले विषय लिहायचे की नाही?

सारांश लिहिणाऱ्यांमध्ये दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिल्या प्रकारच्या लोकांनी साच्यातच 'चर्चा न झालेले विषय' असा मथळा कायमचा घालून ठेवलेला असतो. अजेंड्यावरचं जे नोंदींत सापडत नाही ते सगळं ते त्याखाली ओततात. दुसऱ्या प्रकारचे लोक फक्त झालेलं लिहितात आणि न झालेल्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. चुकतात दोघेही, कारण दोघांनीही प्रत्येक बैठकीसाठी एकच उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं.

मी इथे सारांशाबद्दल बोलतो आहे, म्हणजे बैठकीनंतर लोकांना पाठवायच्या एक-दोन पानी टिपणाबद्दल. ज्या संस्थेच्या नियमावलीत इतिवृत्त कसं लिहायचं हे ठरवून दिलेलं आहे, तिथे नियमावली सांगेल तसंच लिहा.

सगळे टप्पे एकाच बैठकीवर करून दाखवतो. ग्राहकांसाठी नवं पोर्टल सुरू करणारी एक टीम आहे. दर दोन आठवड्यांनी तासभर बैठक होते. ही बैठक 14 तारखेची, 11 ते 12, आणि पुढची 28 तारखेला. आधी पाठवलेला अजेंडा असा :

1. मागच्या बैठकीतली कामं – 10 मिनिटं
2. चाचणीत सापडलेल्या चुका – 15 मिनिटं
3. सर्व्हरच्या कोटेशनला मंजुरी – 10 मिनिटं
4. सपोर्ट टीमच्या शिफ्ट – 10 मिनिटं
5. ग्राहकांच्या तक्रारींचा अहवाल – 10 मिनिटं
6. प्रशिक्षणाच्या तारखा – 5 मिनिटं

प्रत्यक्षात विषय 2 लांबला आणि 11:45 पर्यंत चालला. सपोर्ट टीमच्या प्रमुखांना बाराला निघायचं होतं, म्हणून विषय 4 आधी घेतला. त्यात बारा वाजले आणि बैठक संपली. नोंदींत 3, 5 आणि 6 या आकड्यांपुढे काहीच लिहिलेलं नाही. घाईतला लेखक इथे तीन ओळींचा विभाग करून मोकळा होतो.

## 1. कोणता अजेंडा धरायचा ते ठरवा

'ठरलेला विषय' म्हणजे नेमका कोणी आणि कधी ठरवलेला, हे आधी पाहा. अजेंड्याच्या बहुतेक वेळा दोन-तीन आवृत्त्या असतात. एक निमंत्रणातली, एक आदल्या दिवशी दुरुस्त करून पाठवलेली, आणि एक बैठकीच्या सुरुवातीला तोंडी बदललेली. तुलना करायची ती शेवटच्या आवृत्तीशी. त्यासाठी बैठकीची पहिली पाच मिनिटं नीट वाचा किंवा ऐका, कारण 'आज हे नको', 'हे आधी घेऊ' अशी वाक्यं तिथेच येतात. नोंद घेणारे नेमके तेव्हा लॅपटॉप उघडत असतात.

आपल्या बैठकीत अध्यक्ष सुरुवातीलाच म्हणाले होते की तक्रारींच्या अहवालातले आकडे अजून तपासले जात आहेत, आज तो विषय नको. म्हणजे विषय 5 राहून गेला नाही, तो अजेंड्यावरून काढला गेला. न झालेल्या विषयांच्या यादीत त्याला जागा नाही. पण जुना अजेंडा ज्यांच्याकडे आहे ते त्याची वाट पाहतील, म्हणून सारांशाच्या सुरुवातीला, उपस्थितांच्या नावांखाली, एक ओळ द्यायची : 'अजेंड्यातील बदल : विषय 5 अध्यक्षांनी सुरुवातीस काढला, अहवालातील आकड्यांची तपासणी सुरू आहे.'

उलटही घडतं. अध्यक्षांच्या वहीत पाच मुद्दे असतात, त्यातले तीन निघतात, आणि लेखकाच्या हाती ती वही लागते. जो अजेंडा लोकांकडे पोचलाच नव्हता, त्यातल्या राहिलेल्या विषयांची यादी सारांशात देऊ नका. वाचणाऱ्याला तो विषय अपेक्षितच नव्हता. त्याला आता कळतं ते एवढंच की आपल्यापासून काहीतरी राहिलं.

तपासा : हा अजेंडा बैठकीआधी सगळ्यांना मिळाला होता का? नसेल तर इथेच थांबा. विभाग नको.

## 2. विषय खरंच निघाला नाही ना, याची खात्री करा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात आणि त्या महागही पडतात. 'माझ्या नोंदींत नाही' आणि 'चर्चा झाली नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी एकदा एका विषयापुढे बिनधास्त 'चर्चा झाली नाही' असं लिहून पाठवलं होतं. मी फोन घ्यायला बाहेर गेलो होतो, त्या चार मिनिटांत तो विषय निघून, ठरून, संपलाही होता. ज्यांनी तो मांडला होता त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं आणि ते सगळ्यांना गेलं होतं.

विषय लपतात त्या जागा ठरलेल्या आहेत. एक म्हणजे दुसऱ्या विषयाच्या पोटात. लोक अजेंड्यावरचं शीर्षक उच्चारत नाहीत, कामाच्या भाषेत बोलतात. त्यामुळे रेकॉर्डिंगचा मजकूर हाताशी असेल तर शीर्षकाचे शब्द शोधून भागत नाही. त्या विषयाशी बांधलेली माणसं, रकमा, तारखा, कामाची टोपणनावं शोधा. दुसरी जागा म्हणजे ऑनलाइन बैठकीतलं चॅट. 'त्याचं झालं, मी मेल टाकते' असं एक वाक्य तिथे पडलेलं असतं. तिसरी जागा म्हणजे शेवटची दोन मिनिटं, लोक उठत असताना.

आपल्या बैठकीत 'प्रशिक्षण' हा शब्द विषय 6 म्हणून कुठेच आला नाही. पण 11:30 च्या सुमारास, चुकांवर बोलणं चालू असताना, कोणीतरी विचारलं की हे दुरुस्त झाल्याशिवाय लोकांना शिकवायचं काय? मग पहिला वर्ग एक आठवडा पुढे नेण्याचं ठरलं. विषय 6 झाला, फक्त विषय 2 च्या आत. तो निर्णयांत जाईल आणि त्यापुढे कंसात 'अजेंड्यावरील विषय 6' एवढं लिहायचं, म्हणजे क्रमाने वाचणारा तो शोधत बसणार नाही.

अर्धवट झालेल्या विषयांचंही इथेच ठरवून टाका. विषय 4 मध्ये रात्रपाळी ठरली, शनिवार-रविवारचं राहिलं. असा विषय 'न झालेल्या'त टाकायचा मोह होतो, पण त्याचे दोन तुकडे दोन ठिकाणी गेले की वाचणारा एकच तुकडा वाचतो. विषय 4 खालीच लिहा : 'रात्रपाळी ठरली. शनिवार-रविवारच्या पाळ्यांवर बोलणे झाले नाही.'

शंका उरली तर विचारा. मात्र 'अजेंड्यावरचं सगळं झालं ना?' असं विचारलं तर उत्तर 'हो, बहुतेक' असंच येणार. असं विचारा : 'विषय 3, सर्व्हरच्या कोटेशनची मंजुरी, माझ्या नोंदींत नाही. तो निघाला नव्हता, की दुसऱ्या विषयात ठरला?' या प्रश्नाला दोनच उत्तरं संभवतात आणि दोन्ही कामाची आहेत.

सावधान : तुम्ही बैठकीला उशिरा आला असाल, मध्ये बाहेर गेला असाल किंवा दुसऱ्याच्या नोंदींवरून लिहीत असाल, तर विचारल्याशिवाय 'चर्चा झाली नाही' असं लिहूच नका.

## 3. वाचणारा मौनाचा काय अर्थ लावेल ते पाहा

इथे पोचेपर्यंत तीनातला एकच विषय उरला : कोटेशनची मंजुरी. असं बऱ्याचदा होतं. आता खरा प्रश्न विचारायचा, आणि तो प्रत्येक उरलेल्या विषयासाठी वेगळा विचारायचा : मी याबद्दल काहीच लिहिलं नाही, तर सारांश वाचणारं कोणी चुकीचं पाऊल उचलेल का, किंवा उचलायला हवं ते पाऊल उचलायचं राहील का?

मौनाचे अर्थ माणसागणिक बदलतात. गैरहजर असलेल्याने अजेंडा पाहिलेला असतो, सारांशात तो विषय दिसत नाही, तेव्हा तो समजतो की बोलणं झालं पण लिहिण्यासारखं काही निघालं नाही. मंजुरीची वाट पाहणारा समजतो की कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे होकार आहे. ज्याने त्या विषयासाठी चार पानांचं टिपण तयार केलं होतं तो समजतो की ते कोणी वाचलंच नाही. बैठकीत बसलेल्या माणसाला मात्र काहीच समजून घ्यायचं नसतं, त्याला माहीत असतं. म्हणून सारांश फक्त हजर असलेल्यांपुरताच जात असेल आणि उरलेला विषय किरकोळ असेल, तर तो गाळायला माझी हरकत नाही.

कोटेशनचं पाहा. ते 25 तारखेपर्यंतच वैध आहे. पुढची बैठक 28 ला. खरेदी विभागातली व्यक्ती बैठकीत नव्हती. ती सारांशात 'मंजूर' हा शब्द शोधणार. तिला तो सापडला नाही तर ती एक तर थांबून राहील आणि मुदत जाईल, किंवा हरकत नाही असं धरून ऑर्डर देईल. दोन्हीकडून नुकसान. तेव्हा हा विषय लिहायलाच हवा.

याउलट, समजा विषय 3 'टीमच्या सामायिक फोल्डरची नावं कशी ठेवायची' असा असता. त्यावर कोणाचं काम अडलेलं नाही, मुदत नाही, पुढच्या अजेंड्यावर तो आपोआप येईलच. तो सारांशात नसल्याने कोणाचं बिघडत नाही. पण हाच फोल्डरचा विषय सलग तिसऱ्यांदा राहिला असेल तर मी तो लिहितो, 'सलग तिसऱ्या बैठकीत घेतला गेला नाही' एवढ्याच शब्दांत. एकतर तो अजेंड्यावरून काढायला हवा किंवा बैठकीबाहेर कोणीतरी ठरवून टाकायला हवा, आणि ही गोष्ट यादी पाहणाऱ्याच्या लक्षात आल्याशिवाय होत नाही.

तपासा : ज्याचं काम या विषयावर अडलं आहे अशा एका तरी माणसाचं नाव तुम्हाला सांगता येतं का? येत असेल तर लिहा. येत नसेल, मुदत नसेल आणि विषय पहिल्यांदाच राहिला असेल, तर सोडून द्या.

## 4. सारांश कोणाकोणाला जातो ते पाहा

राहिलेल्या विषयाचं नुसतं शीर्षकही बोलकं असतं. झालेल्या चर्चेत काय लिहायचं आणि काय गाळायचं याचा विचार लेखक करतो, पण न झालेल्या विषयाचं शीर्षक तो अजेंड्यावरून जसंच्या तसं उचलतो. 'अमुक पदाची गरज आहे का' असा विषय त्या पदावरच्या माणसाने 'वेळेअभावी राहिला' या ओळीत वाचला तर काय होईल याची कल्पना करा.

आपल्या उदाहरणात सर्व्हर देणाऱ्या कंपनीचा माणूसही सारांशाच्या यादीत असता, कारण चाचणीत त्याचं काम आहे, तर 'कोटेशनला मंजुरी राहिली, मुदत 25' ही ओळ त्याच्याही हाती पडली असती. दर कमी करून घेण्याचं बोलणं चालू असेल तर आपण घाईत आहोत हे त्याला आपणच कळवल्यासारखं. अशा वेळी ती ओळ सारांशात न घालता ज्यांना हवी त्या दोघा-तिघांना वेगळी पाठवायची. 'लिहायचं का' याचं उत्तर 'हो, पण इथे नाही' असंही असू शकतं.

सावधान : माणसं, पगार, तक्रारी किंवा चालू सौदे यांच्याशी संबंधित शीर्षक असेल तर पाठवण्याआधी अध्यक्षांना एकदा दाखवा.

## 5. वेगळा विभाग की एखादी ओळ?

लिहायचं ठरलं म्हणजे मथळा द्यायचाच असं नाही. एकच विषय उरला असेल तर विभाग करू नका. एका ओळीसाठी मथळा काढला की तो पानाच्या तळाशी जातो आणि तिथपर्यंत कोणी पोचत नाही. त्या ओळीला तिच्या कामाच्या जागी बसवा. कोटेशनच्या ओळीची जागा वर आहे, निर्णयांच्याही आधी, कारण 25 तारीख पुढच्या बैठकीच्या आधी येते. मुदत असलेला विषय तळाच्या यादीत टाकणं ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत नुकसानकारक चूक आहे, आणि ती नीटनेटका साचा वापरणारेच जास्त करतात.

दोन किंवा जास्त विषय असतील आणि ते सारखेच थांबलेले असतील, तर विभाग सोयीचा. तो निर्णय आणि कामांच्या यादीनंतर यावा. अर्ध्याहून जास्त अजेंडा राहिला असेल तर मात्र ती बातमी विभागात मावत नाही. सारांशाच्या पहिल्याच वाक्यात सांगा : 'सहापैकी दोन विषय झाले, उरलेले चार शेवटी दिले आहेत.'

राहिलं एक : काहीच उरलं नसेल तेव्हा 'चर्चा न झालेले विषय : नाही' असा रिकामा मथळा ठेवायचा का? बरेच जण 'सगळं तपासलं' हे दिसावं म्हणून ठेवतात. मी ठेवत नाही. चार बैठका 'नाही' वाचलेला माणूस पाचव्या वेळी तिथे पाहतच नाही, आणि नेमकं तेव्हाच तिथे काहीतरी असतं.

## 6. शब्द जपून निवडा

मराठीत इथे चार-पाच शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. 'तहकूब' किंवा 'पुढे ढकलला' म्हटलं की बैठकीने तसं ठरवलं असा अर्थ होतो. 'स्थगित' म्हटलं की चालू असलेलं काहीतरी थांबवलं असं वाटतं. कोटेशन 'स्थगित' असं वाचून खरेदी विभाग त्या कंपनीला तसं कळवूनही मोकळा होईल. 'प्रलंबित' हा शब्द एखाद्याकडे अडकलेल्या कामासाठी वापरतात, म्हणून तो वाचून कोणीतरी 'माझ्याकडे काय प्रलंबित आहे?' असं विचारतं. 'मागे घेतला' म्हणजे मांडणाऱ्यानेच परत घेतला. वेळ संपली आणि विषय निघालाच नाही, तर सरळ 'घेतला गेला नाही' किंवा 'यावर बोलणे झाले नाही' असं लिहा. मथळाही तसाच साधा ठेवा : 'या बैठकीत न घेतलेले विषय'.

कारण लिहायचं तर बैठकीत कोणी सांगितलं असेल तेवढंच. 'वेळेअभावी' हा शब्द निरुपद्रवी वाटतो, पण ज्याचा विषय राहिला त्याला त्यात 'दुसऱ्यांनी वेळ खाल्ला' असं ऐकू येतं. शिवाय कधी कधी ते खरंही नसतं. विषय टाळलेला असतो. कारण माहीत नसेल तर गाळा, ओळ त्यावाचून अडत नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 'पुढील बैठकीत घेतला जाईल'. हे वाक्य लेखकाच्या हातून आपोआप उतरतं. पण असं कोणी म्हणालं होतं का? नसेल तर तुम्ही अध्यक्षांच्या वतीने आश्वासन दिलं, आणि आपल्या उदाहरणात तर ते आश्वासन मुदतीच्या तीन दिवस पुढचं आहे. ठरलं नसेल तर 'कधी घ्यायचा हे ठरले नाही' असं लिहा. वाचायला जरा टोचतं, आणि टोचल्यामुळेच कोणीतरी उत्तर देतं.

तपासा : प्रत्येक ओळीत विषयाचा क्रमांक आणि शीर्षक अजेंड्यावर होतं तसंच आहे का? कोणाचं काम अडलंय ते कळतंय का? तुम्ही स्वतःहून घातलेला एखादा निर्णय तिच्यात शिरला आहे का?

## 7. पाठवण्याआधी एक फोन

सारांश हे निर्णय घेण्याचं साधन नव्हे, आणि 25 तारखेसाठी नुसती ओळ लिहून लेखकाची सुटका होत नाही. मुदतीचा विषय राहिला असेल तर सारांश पाठवण्याआधी अध्यक्षांना विचारा की हे बैठकीबाहेर कसं आणि कधीपर्यंत ठरणार. त्यांनी काही सांगितलं तर ते 'बैठकीनंतर कळवले' असं वेगळं नोंदवा, नाहीतर ते बैठकीतच ठरलं असं वाचलं जाईल.

आपल्या बैठकीच्या सारांशात शेवटी वेगळा विभाग आलाच नाही. नोंदींत रिकाम्या दिसलेल्या तीन आकड्यांपैकी 5 उपस्थितांच्या नावांखालच्या ओळीत गेला, 6 निर्णयांत गेला, आणि 3 सगळ्यांच्या वर असा बसला :

> 25 तारखेपूर्वी निर्णय हवा : विषय 3, सर्व्हरच्या कोटेशनला मंजुरी, या बैठकीत घेतला गेला नाही. कोटेशन 25 तारखेपर्यंत वैध आहे; पुढील बैठक 28 ला आहे. मंजुरी मिळालेली नाही, त्यामुळे खरेदी विभागाने अद्याप ऑर्डर देऊ नये. बैठकीनंतर अध्यक्षांनी कळवले : 20 तारखेपर्यंत मेलवर निर्णय देतील.